आरक्षण पक्कं, पण खोली नाही

हॉटेलात साठ खोल्या असतील, तर गर्दीच्या दिवसांत बासष्ट आरक्षणं घेतली जातात. दोनचार जण ऐनवेळी रद्द करतात किंवा येतच नाहीत, आणि रात्री रिकामी राहिलेली खोली सकाळी विकता येत नाही. हा हिशेब बहुतेक वेळा जमतो. तो चुकतो तेव्हा पक्कं आरक्षण असलेल्या एका पाहुण्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवावं लागतं. ते नीट पार पाडण्याची जबाबदारी ड्यूटी मॅनेजरची असते.

लग्नसराईतल्या शनिवारचं पुण्यातलं एक हॉटेल कल्पनेत आणू. बासष्टपैकी दोन आरक्षणं रद्द झाली, पण एका खोलीत छतातून पाणी गळू लागलं. आता साठ पाहुणे आणि एकोणसाठ खोल्या. हे दुपारी चार वाजताच कळायला हवं. मॅनेजरने येणाऱ्यांची यादी तपासावी, एकाच नावाची दोन आरक्षणं नाहीत ना ते पाहावं, आज निघणारे खरंच निघालेत का याची खात्री करावी आणि गळकी खोली रात्रीपर्यंत दुरुस्त होईल का, हे विचारावं. तरीही एक खोली कमी पडत असेल, तर लगेच जवळच्या, आपल्याच दर्जाच्या किंवा वरच्या दर्जाच्या सहयोगी हॉटेलात खोली राखून ठेवावी. रात्री अकरापर्यंत थांबलं, तर लग्नाच्या मोसमात तिथलीही खोली गेलेली असते.

मग प्रश्न उरतो, पाठवायचं कुणाला? शेवटी पोचणाऱ्याला, ही सोपी पण चुकीची पद्धत. आपल्या उदाहरणात तिघे उशिरा येणार आहेत: आजीबरोबरचं कुटुंब, एकटी प्रवास करणारी महिला आणि कामासाठी नागपूरहून येणारे एक इंजिनिअर. पहिल्या दोघांना रात्री हलवणं योग्य नाही. इंजिनिअर एकटे आहेत, सामानही थोडं, म्हणून निवड त्यांची. त्यांचा मुक्काम दोन रात्रींचा असल्याने उद्याची खोली आत्ताच त्यांच्या नावावर लावून ठेवायची.

शक्य तर विमानात बसण्याआधीच त्यांना फोन करावा. “सर, मी हॉटेलातून ड्यूटी मॅनेजर बोलतेय. आज आमच्याकडे खोली कमी पडली आहे, चूक आमची आहे. जवळच्याच हॉटेलात तुमच्यासाठी खोली राखली आहे. आजच्या रात्रीचं भाडं आम्ही भरू. विमानतळावर आमची गाडी असेल, ती थेट तिथेच नेईल.” माफी आणि सोय एकाच दमात सांगितली, की पाहुण्याच्या मनातला पहिला प्रश्न, ‘मग मी जाऊ कुठे?’, उरत नाही.

फोन लागला नाही आणि पाहुणे दारात आले, तर काउंटरवर सगळ्यांसमोर बोलू नये. त्यांना बाजूला बसवावं, पाणी द्यावं, नोंदणी अर्ज भरून घेऊ नये. “सिस्टीममध्ये प्रॉब्लेम आहे” असं म्हणणं टाळावं; शेजारी दुसऱ्याला चावी मिळताना दिसली, की ते खोटं पडतं. “तुमचा राग बरोबर आहे, सर. आरक्षण पक्कं होतं आणि आम्ही ते पाळू शकलो नाही. घरी किंवा ऑफिसला नवा पत्ता कळवायचा असेल, तर इथून फोन लावून देते.”

गाडी निघण्याआधी दुसऱ्या हॉटेलला तीन गोष्टी कळवायच्या: पाहुण्याचं नाव, भाडं आमच्या खात्यावर, आणि त्यांच्याकडून अनामत मागू नका. इथेच गफलत होते. तिथल्या काउंटरवर कार्ड मागितलं गेलं, की इकडची सगळी माफी वाया जाते. म्हणून पोचल्यावर थोड्या वेळाने मॅनेजरने स्वतः फोन करून खोली मिळाली का, हे विचारावं. पाहुणा परदेशी असेल, तर त्याची माहिती चोवीस तासांत ज्या हॉटेलात तो प्रत्यक्ष राहतो, त्यानेच कळवायची असते. आपल्या टेलिफोन ऑपरेटरला नवा पत्ता द्यावा, नाहीतर कुणी फोन केला तर “या नावाचे कुणी नाहीत” असं उत्तर जातं.

दुसऱ्या सकाळी गाडी पाठवून पाहुण्याला परत आणावं, शक्य असेल तर वरच्या दर्जाची खोली द्यावी आणि मॅनेजरने दारात उभं राहावं. “परत आलात, आभारी आहोत. खोली तयार आहे.” झालेला खर्च, कारण आणि पाहुण्याची प्रतिक्रिया नोंदवहीत लिहावी, पुढच्या शनिवारी किती जास्तीची आरक्षणं घ्यायची, हे त्या नोंदीवरून ठरतं.

वाचकहो, तुमच्यावर ही वेळ आली, तर रागाच्या भरात बाहेर पडू नका. खोली कुठे आहे, भाडं कोण भरणार, गाडी कोण देणार आणि उद्या परत येता येईल का, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. समाधान झालं नाही, तर सेवेतील त्रुटीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करण्याचा हक्क तुम्हाला आहे.