सोललेल्या मास्कवर नेमकं काय निघतं?

वाळलेला काळा मास्क ओढून काढला की त्याच्या आतल्या बाजूला बारीक पांढुरके काटे उभे दिसतात. भाचीने तो तुकडा उजेडात धरला. "मावशी, बघ किती घाण निघाली!" तिचा आनंद खरा होता, पण ती घाण नव्हती.

नाकावरच्या छिद्रांत तेल आणि मृत पेशींचे बारीक धागे असतातच. त्यांच्या वाटेने त्वचेचं तेल वर येतं. ते उपटले तरी साधारण महिन्याभरात पुन्हा भरतात. तुकड्यावर तिची लवही होती आणि त्वचेच्या सगळ्यात वरच्या थराचे पापुद्रेही. ओलावा धरून ठेवतो तो हाच थर.

हे सगळं ओढून काढतो तो पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, वाळल्यावर रबरासारखा पडदा होणारा पदार्थ. कोळशाचं काम मुख्यतः रंगाचं. विषबाधेत सक्रिय कोळसा पाजतात, कारण पोटात बरीचशी विषं त्याच्या कणांना चिकटतात. मास्कमध्ये मात्र ते कण पडद्यातच अडकलेले असतात.

भाची रात्री मुरुमांसाठी अडापलीन लावायची. त्याने त्वचा नाजूक होते. दुसऱ्या दिवशी नाकपुडीच्या कडेला लाल, ओलसर चट्टा होता. साधं पाणीही झोंबत होतं. सावळ्या त्वचेवर अशी जखम भरली तरी काळसर डाग महिनोन्‌महिने राहू शकतो. मी अडापलीन थांबवायला लावलं, चट्ट्यावर फक्त पेट्रोलियम जेली आणि उन्हात ओढणी. तेल कमी करायचंच असेल, तर त्वचा पूर्ण भरल्यावर २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड. ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात उतरतं.