भट्टी बदलायची, हप्ता कसा फेडायचा?

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. छोट्या पाववाल्यांना कर्जाची वाट धरणे भाग पडले.

बँकेच्या समितीपुढे अनेक जण पावाच्या चवीबद्दलच बोलत बसतात. समितीला हवा असतो हप्त्याचा हिशेब. समजा, एक बेकरीवाला म्हणतो, “साहेब, सहा लाख हवेत, पाच वर्षांसाठी. ११ टक्क्यांनी हप्ता साधारण १३,००० रुपये. मैदा, गॅस, पगार, भाडं आणि माझा घरखर्च वजा जाता महिन्याला २८,००० उरतात. श्रावणात मागणी घटली, की १८,०००.”

श्रावणाचा आकडा त्याने आपणहून सांगितला, हे महत्त्वाचे. मंदीतही हप्त्याच्या सुमारे १.४ पट रक्कम हाती राहते. घरखर्च वगळून फुगवलेला नफा मात्र अनुभवी अधिकारी लगेच ओळखतो. बँक खात्यातली जमा आणि सांगितलेली विक्री जुळत नाही, तिथेच बिंग फुटते.

मग तो हॉटेलांच्या उधारीची वही पुढे सरकवतो. पैसे पंधरा दिवसांनी येतात, म्हणून हप्त्याची तारीख पाचऐवजी वीस मागतो. मुद्रा योजनेत एवढ्या कर्जाला तारण लागत नाही, त्यामुळे या वहीलाच वजन.