चौदा पट धोका : हा आकडा नेमका कशाचा?

रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये लंडनच्या रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचे ६४९ पुरुष रुग्ण घेतले. त्यांच्या तुलनेसाठी हा कर्करोग नसलेले तेवढेच पुरुष रुग्ण निवडले. कर्करोगग्रस्तांत धूम्रपान न करणारे केवळ २ निघाले, तर दुसऱ्या गटात २७.

धूम्रपान करणारे एकूण १२६९ होते. त्यांपैकी ६४७ जणांना, म्हणजे ५१ टक्क्यांना कर्करोग होता. न करणाऱ्या २९ पैकी दोघांना, म्हणजे सुमारे ७ टक्क्यांना. यावरून धोका सातपट काढण्याचा मोह होतो. मात्र निम्मे लोक कर्करोगाचे, हे संशोधकांनीच ठरवले होते. तुलनेचा गट दुप्पट घेतला असता, तर त्याच हिशेबाने साडेनऊ पट आले असते! म्हणूनच अशा केस-कंट्रोल अभ्यासात सापेक्ष जोखीम थेट काढता येत नाही.

तेथे ऑड्स रेशो उपयोगी पडतो. रुग्णांत धूम्रपान करणारे व न करणारे यांचे प्रमाण ६४७ भागिले २, म्हणजे ३२३.५, तुलनेच्या गटात ६२२ भागिले २७, म्हणजे सुमारे २३. पहिल्याला दुसऱ्याने भागले की १४ येतात. तुलनेचा गट दुप्पट केला तरी ६२२ आणि २७ हे दोन्ही आकडे दुप्पट होतात व उत्तर १४ च राहते. हा कर्करोग एकूण लोकसंख्येत विरळ असल्याने हे गुणोत्तर सापेक्ष जोखमीच्या जवळ जाते. अर्थात, न करणारे रुग्ण दोनच असल्याने १४ हा आकडा काटेकोर मानू नये.

पुढे १९५१ पासून याच दोघांनी ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी आधी नोंदवल्या आणि मृत्यूंची नोंद वर्षानुवर्षे ठेवली. अशा कोहॉर्ट अभ्यासात प्रत्येक गटात मुळात माणसे किती, हे ठाऊक असते. त्यामुळे जोखीम सरळ मोजता येते.

गफलत होते ती घटना विरळ नसते तेव्हा. आम्हा वृत्तपत्रवाल्यांनी लक्षात ठेवावे असे उदाहरण १९९९ मधील अमेरिकेचे आहे. छातीत दुखणाऱ्या रुग्णांच्या भूमिकेतील नटांच्या चित्रफिती डॉक्टरांना दाखवण्यात आल्या. त्यांनी पुरुषांपैकी ९०.६ टक्क्यांना, तर स्त्रियांपैकी ८४.७ टक्क्यांना हृदयाची कॅथेटर तपासणी सुचवली. ऑड्स रेशो आला सुमारे ०.६. बातम्यांत त्याचे ‘स्त्रियांना ही तपासणी सुचवली जाण्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी’ असे झाले. प्रत्यक्षात ८४.७ ला ९०.६ ने भागले की ०.९३ येतात, म्हणजे शक्यता ७ टक्क्यांनीच कमी. भेदभाव दिसला होता, पण मथळ्यांइतका नव्हे. अभ्यासाच्या निष्कर्षात मूळ टक्केवारी दिलेली असेल, तर हा भागाकार कोणालाही कागदावर करून पाहता येतो.