फटाके विझतात, धूर राहतो

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आवाज बाराच्या सुमारास थांबतो. धूर थांबत नाही. एक मायक्रॉनचा कण स्थिर हवेत तासाला जेमतेम १०-१५ सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे तो खाली बसण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्यातून आश्विनातली थंड रात्र: जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, जणू पातेल्यावर झाकणच. पुण्यासारख्या शहरात ऊन तापून हे झाकण उचललं जाईपर्यंत सकाळचे नऊ-दहा वाजतात. वारा पडलेला असेल, तर दिल्लीत ही हवा दोन-तीन दिवसही रेंगाळते. अशा सूक्ष्म कणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, २४ तासांच्या सरासरीची भारतातली मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. पण सरासरीत रात्रीचा उंच सुळका बुजतो, म्हणून दर तासाचे आकडे पाहावेत. आणि हो, निमूट जळणारी नागगोळीही भरपूर धूर सोडते.