बार चार्ट काढायचाय? एसव्हीजी की कॅनव्हास, असं ठरवा

समजा, रायगडमधल्या जिते गावाच्या 12 महिन्यांच्या पावसाचा बार चार्ट वेबपेजवर काढायचा आहे. चार्टची उंची 200, जुलैच्या बारची 120. उंची वरून मोजली जाते, म्हणून बार 200 - 120 = 80 वर सुरू होतो.

```
<rect x="40" y="80" width="20" height="120"/>
ctx.fillRect(40, 80, 20, 120);
```

पहिली ओळ एसव्हीजीची. यात प्रत्येक बार वेगळा घटक राहतो. त्यामुळे बारवर टॅप करून आकडा दाखवणं सोपं जातं आणि झूम केलं तरी कडा स्पष्ट दिसतात.

दुसरी ओळ कॅनव्हासची. इथे उरतात फक्त रंगीत पिक्सेल. झूम केल्यावर ते धूसर होतात आणि कोणत्या बारवर टॅप झालं, हे कोडमध्ये मोजावं लागतं.

म्हणून 12 बारसाठी एसव्हीजी. पण 50 वर्षांचा रोजचा पाऊस म्हणजे 18 हजारांहून जास्त बार. इतके घटक सांभाळताना मोबाइल अडखळतो. तिथे कॅनव्हासच बरा.