पंधरा बारची फुशारकी आणि नऊ बारची कॉफी

घरगुती एस्प्रेसो मशीनच्या खोक्यावर '१५ बार' असं ठळक छापलेलं असतं. तो आकडा पंपाची कमाल ताकद सांगतो. कॉफीला साधारण नऊ बार पुरतात. या दोन्हींतला फरक सांभाळतो तो ओव्हरप्रेशर व्हॉल्व्ह, म्हणजे ओपीव्ही. आत एक स्प्रिंग असते. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ती दबते आणि जादा पाणी नळीवाटे टाकीत परत जातं. गाजिया क्लासिकच्या जुन्या मशीनमध्ये कारखान्यातून ही मर्यादा बरीच वर ठेवलेली असे.

दाब जास्त झाला की कॉफीचा थर नको इतका आवळला जातो आणि पाणी त्यातली कमकुवत जागा फोडून वाट काढतं. त्या वाटेवरच्या पुडीतला कडवटपणा, तुरटपणा सगळा उतरतो, आजूबाजूची पूड मात्र अर्धी कोरडीच राहते. त्यामुळे एकाच घोटात आंबटपणाही लागतो आणि घसा खरवडणारा कडूपणाही.

दाब मोजायला पोर्टाफिल्टरला बसणारं गेज लागतं. समजा, पंप चालू केल्यावर काटा तेरावर स्थिरावला. मग मशीन बंद करून प्लग काढावा आणि बॉयलर पुरता गार होऊ द्यावा. वरचं झाकण उघडून ओपीव्हीची नळी काढायची, १७ मिलिमीटरच्या पान्याने त्याची टोपी सोडवायची आणि आतला स्क्रू ५ मिलिमीटरच्या ॲलन कीने घड्याळाच्या उलट दिशेने पाव आटा फिरवायचा. मग टोपी आणि नळी पुन्हा जोडून दाब मोजायचा. घाई करून एकदम पूर्ण आटा फिरवू नये. गेज लावल्यावर पाणी बाहेर वाहत नसतं, म्हणून काटा दहाच्या आसपास थांबवावा. कॉफी उतरताना दाब नऊजवळ येतो.

नव्या क्लासिक प्रोमध्ये असा स्क्रू नाही. तिथे स्प्रिंगच बदलावी लागते.

ही खटपट करण्याआधी एक गोष्ट जरूर तपासावी: कॉफी उतरत असताना नळीतून टाकीत पाणी परत येतंय का? येत नसेल, तर व्हॉल्व्ह उघडतच नाहीये. म्हणजे पूड जाडी आहे आणि दाब मर्यादेपर्यंत चढतच नाही. अशा वेळी स्क्रू पाव आटा सैल करून चवीत काहीच फरक पडणार नाही, आधी दळण बारीक करायला हवं. दुहेरी तळाच्या बास्केटमध्येही या बदलाचा फारसा उपयोग नाही, कारण तिथला दाब पुडीपेक्षा तळाच्या बारीक छिद्रामुळे तयार होतो.

दाब उतरवल्यावर जुनं दळण जसंच्या तसं चालेल असं धरू नये. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी पंचवीस ते तीस सेकंदांत उतरेल, इतपत ते पुन्हा जुळवावं आणि मगच चवीबद्दल मत बनवावं. एवढं करूनही कडूपणा राहिलाच, तर तो बहुधा फार गडद भाजलेल्या बियांचा किंवा जास्त तापलेल्या पाण्याचा असतो.