रेंजच्या कडेवरून मध्यापर्यंतचा ट्रेड

समजा, एक शेअर दोन महिने ४०० ते ४४० रुपयांत फिरतोय. दोन्ही कडांना तीन-तीन वेळा अडलाय. रेंजचा मध्य ४२०.

भाव ४०० ला टेकला म्हणून लगेच घ्यायचं नाही. तिथून उसळून दिवस ४०४ च्या आसपास बंद झाला, की खरेदी. टार्गेट ४२०, ४४० नाही. रेंजमध्ये भाव मध्यापर्यंत बऱ्याचदा येतो, पण समोरच्या कडेपर्यंत दरवेळी पोचत नाही. मध्येच वळला तर हातातला नफा जातो.

आता खरा नियम. रेंजच्या रुंदीचा दहावा भाग, म्हणजे ४ रुपये, कडेखाली सोडायचे. दिवसाचा बंद भाव ३९६ च्या खाली गेला, की रेंज तुटली असं धरून दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच बाहेर. दिवसभरात ३९५ होऊन भाव परत वर आला, तर थांबायचं. असे खोटे ब्रेकडाउन नेहमीचेच.

कागदावर जोखीम ८ रुपये, फायदा १६. पण बंद भावाची वाट पाहताना, किंवा सकाळी गॅप पडल्यास, तोटा ८ च्या वर जातो. म्हणून २,००० रुपये जोखमीला हिशेबाने २५० शेअर येत असले, तरी मी १५० च घेतो. निकालाच्या आदल्या दिवशी तर पोझिशन ठेवतच नाही.

आणि ३९६ तुटल्यावर ‘स्वस्त मिळतोय’ म्हणून ॲव्हरेज करू नका. ज्या रेंजवर ट्रेड उभा होता, ती आता उरलेली नाही.